वाचता न येणाऱ्या मेनूतून परतीची वाट

टीव्हीवरचा आवाज नेहमीचा, चित्रही स्वच्छ, पण मेनू उघडला की एकही अक्षर ओळखीचं नाही. कुठे अरबी, कुठे कोरियन, कुठे थाई. घरात दोन-तीन वर्षांचं मूल असेल तर हे कधी ना कधी होतंच. मुलाला चॅनेल बदलायचं नसतं, त्याला बटणं दाबायची असतात. रिमोटवर गिअरचं म्हणजे दातेरी चाकाचं बटण असलं की ते दाबलं जातं, मग खाली, खाली, ओके, खाली, ओके. सेटिंगमधल्या भाषेच्या यादीपर्यंत जायला एवढंच पुरतं. शिवाय बऱ्याच टीव्हींमध्ये भाषा निवडली की ती त्याच क्षणी लागू होते, ‘नक्की बदलू का?’ असं कोणी विचारत नाही.

पहिला उपाय म्हणून सगळे टीव्ही बंद करून चालू करतात, काही जण प्लगही काढून बघतात. त्याने काही होत नाही, आणि होणारही नाही. भाषेची निवड टीव्ही आपल्या कायमच्या साठ्यात लिहून ठेवतो, वायफायचा पासवर्ड ठेवतो तशीच. वीज गेल्यावर वायफाय पुन्हा जोडावं लागत नाही, त्याच कारणाने अरबीही जात नाही.

वाट शोधायच्या आधी एक गोष्ट तपासावी: भाषा नेमकी कशाची बदलली आहे? चित्रपटाचे संवाद वेगळ्या भाषेत ऐकू येत असतील तर तो फक्त ऑडिओचा बदल आहे. त्याचा मेनूशी संबंध नाही, आणि कित्येक रिमोटवर त्यासाठी वेगळं बटणही असतं. फक्त नेटफ्लिक्सच्या आतली अक्षरं बदलली असतील तर टीव्हीला हात लावायची गरज नाही. नेटफ्लिक्सची भाषा प्रोफाइलला जोडलेली असते, ती मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर आपल्या खात्यात जाऊन पूर्ववत करता येते. हे ओळखायचं कसं? रिमोटवरचं होम बटण दाबून अ‍ॅपमधून बाहेर यायचं आणि टीव्हीची स्वतःची सेटिंग उघडायची. तिथेही अनोळखी लिपी दिसली तर मात्र टीव्हीचीच भाषा बदलली आहे.

आता वाटेबद्दल. भाषांची यादी बनवणाऱ्यांनी एक फार चांगली गोष्ट केली आहे. त्या यादीत प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत असतं. टीव्ही अरबीत गेला तरी यादीत English रोमन अक्षरांतच दिसतं आणि मराठी देवनागरीतच. म्हणजे यादीपर्यंत पोहोचलं की वाचता येतं. अडचण यादीपर्यंतच्या दारांची आहे. सेटिंग, सिस्टीम, भाषा ही सगळी नावं अनोळखी लिपीत गेलेली असतात. ती वाचायचा प्रयत्नच सोडून द्यावा आणि ज्यांचं भाषांतर होत नाही अशा गोष्टी मेनूत शोधाव्यात. त्या बऱ्याच असतात: आपल्या वायफायचं नाव, आपला ईमेल, YouTube किंवा Netflix अशी अ‍ॅपची नावं, छोटी चिन्हं आणि ओळींचा क्रम.

सोलापूरच्या माझ्या आत्याकडे झालेला प्रसंग इथे सविस्तर सांगते, कारण तिच्याकडे गूगल टीव्ही आहे आणि हल्लीच्या कितीतरी कंपन्यांच्या टीव्हीत हीच किंवा हिच्या आधीची अँड्रॉइड टीव्ही ही प्रणाली असते. नातवाने टीव्ही अरबीत नेला होता. ज्या दुकानातून टीव्ही घेतला तिथे फोन केला तर ‘रिसेट मारा’ एवढंच उत्तर मिळालं. मग आत्याने मला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल टीव्हीसमोर धरला.

पहिला गोंधळ दिशेचा झाला. अरबी, हिब्रू, उर्दू, फारसी या भाषा उजवीकडून डावीकडे लिहिल्या जातात. टीव्हीची भाषा यांपैकी एखादी झाली की नुसती अक्षरंच बदलत नाहीत, अख्खा पडदा आरशात पाहिल्यासारखा उलटतो. एरवी वरच्या उजव्या कोपऱ्यात असणारं दातेरी चाक डाव्या कोपऱ्यात जातं आणि सेटिंगची पट्टीही डावीकडून उघडते. आत्या नेहमीप्रमाणे उजवीकडे चाक शोधत होती आणि तिथे ते नव्हतंच. मी तिला सांगितलं, “आत्या, डाव्या-उजव्या बाणांना आता हातच लावू नकोस. रिमोटवर चाकाचं बटण आहे, तेच दाब. मग फक्त वर, खाली, ओके आणि बॅक, एवढ्याच चार बटणांनी चालायचं.” कोरियन किंवा थाई भाषेत ही उलटापालट होत नाही, चाक आपल्या जागी सापडतं.

पट्टी उघडली. एकाखाली एक ओळी, सगळ्या अरबीत. पण एका ओळीखाली आत्याच्या वायफायचं नाव रोमन अक्षरांत होतं, म्हणजे ती नेटवर्कची ओळ. तिच्याखालच्या ओळीवर ओके दाबलं तर भाच्याचा ईमेल दिसला, म्हणजे ती खात्यांची. बॅक दाबून मागे आलो, आणखी खाली गेलो. एक ओळ उघडली तर आत YouTube, Netflix अशी नावं दिसली. ही Apps ची ओळ, आणि आपल्याला हवा असलेला हाच खरा मैलाचा दगड. कारण गूगल टीव्हीत बहुधा याच्या लगेच खाली System ची ओळ असते. जुन्या अँड्रॉइड टीव्हीत त्याच जागी Device Preferences असतं. नाव वेगळं, ठिकाण तेच.

आम्ही System मध्ये शिरलो. इथे चिन्हांनी काम केलं. एका ओळीपुढे घड्याळ होतं, ती तारीख-वेळेची. तिच्या जवळच गोल पृथ्वीचं, उभ्या-आडव्या रेघांचं चिन्ह. ही भाषेची ओळ. त्याखालची ओळ कीबोर्डची, ती उघडली तर आत Gboard हे नाव रोमन अक्षरांत असतं, त्यामुळे एखादी ओळ पुढे गेलो तर लगेच कळतं. काही टीव्हींत या दोन ओळींच्या मध्ये टायमरसारखी एखादी ओळ जास्तीची असते, म्हणून नुसतं मोजण्यापेक्षा चिन्ह बघावं. पृथ्वीवर ओके दाबलं आणि भाषांची यादी आली. एका नावापुढचं वर्तुळ भरलेलं होतं, तेच अरबी.

यादी लांबलचक असते आणि तिचा क्रम सध्याच्या भाषेप्रमाणे बदलू शकतो, म्हणून ‘इतक्या ओळी खाली’ असं फोनवरून सांगता येत नाही. रोमन अक्षरं सुरू होईपर्यंत खाली किंवा वर जात राहायचं, मग इंग्रजीच्या वर्णक्रमाने Dansk, Deutsch, Eesti अशी नावं येतात आणि त्यांच्यापुढे English चे पाच-सहा प्रकार ओळीने दिसतात. नुसतं त्या नावावर गेल्याने भाषा बदलत नाही, ओके दाबल्यावरच बदलते. त्यामुळे यादीत फिरताना घाबरायचं कारण नाही. आत्याने तिथवर येऊन विचारलं, “अगं, इथे खाली मराठी पण आहे की! तेच दाबू का?” दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला, सगळी मांडणी पुन्हा सुलट झाली आणि मेनू मराठीत आला. तेव्हापासून तिने तो मराठीतच ठेवला आहे.

या वाटेवर एकच ठिकाण धोक्याचं आहे, ते म्हणजे फॅक्टरी रिसेट. गूगल टीव्हीत तो System मधल्याच About नावाच्या ओळीत असतो, जुन्या अँड्रॉइड टीव्हीत Device Preferences च्या अगदी तळाशी. म्हणजे आपण जिथे हिंडतोय त्याच्या शेजारीच. सुदैवाने रिसेट एका ओकेने होत नाही. मध्ये इशाऱ्याचा मोठा मजकूर आणि खाली दोनच पर्याय असलेलं पान येतं. वाचता न येणाऱ्या मेनूत असं पान दिसलं की दुसरा विचार न करता बॅक दाबावं. दुकानदारांना रिसेट सोपा वाटतो, कारण त्यानंतर टीव्ही पहिल्या दिवसासारखा सुरू होतो आणि भाषा विचारूनच पुढे जातो. पण सगळी अ‍ॅप, त्यांतली लॉगिन, वायफायचा पासवर्ड आणि चित्राची जुळवाजुळव पुसली जाते, आणि टीव्हीला थेट केबल किंवा अँटेना जोडलेली असेल तर चॅनेलही पुन्हा शोधावे लागतात. भाषेसाठी एवढी किंमत मोजणं मला मुळीच पटत नाही. घरात पासवर्ड लक्षात ठेवणारा माणूस परगावी असेल तर टीव्ही चक्क बंद पडल्यासारखा होतो.

वाटेत मध्येच अडकलो तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करणारं अ‍ॅप पडद्यासमोर धरता येतं. थेट धरलं तर पडद्याच्या रेषा थरथरतात आणि शब्द नीट ओळखले जात नाहीत. म्हणून आधी मेनूचा स्थिर फोटो काढावा आणि तो अ‍ॅपमध्ये उघडावा. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे त्याच मॉडेलचा टीव्ही असलेल्या ओळखीच्या घरून मेनूचे फोटो मागवणं आणि दोन्ही पडदे शेजारी ठेवून ओळी जुळवणं.

इतर टीव्हींत दारं वेगळी असतात. सॅमसंगमध्ये General, त्यात System Manager आणि त्यात Language. नव्या मॉडेलमध्ये पहिल्या दाराचं नाव General & Privacy आहे. फायर टीव्हीत सेटिंगमधल्या Preferences मध्ये Language मिळतं. वायफायचं नाव, ईमेल, अ‍ॅपची नावं या खुणा तिथेही तशाच चालतात.

टीव्ही बनवणाऱ्यांना मात्र एक गोष्ट सांगावीशी वाटते. यादीतली नावं प्रत्येकाच्या लिपीत ठेवण्याचं शहाणपण त्यांनी दाखवलं, मग ती पृथ्वी तीन दारांच्या आत कशाला? सेटिंगच्या पहिल्याच पानावर ते चिन्ह ठेवलं, तर ज्यांना फोनवरून रस्ता दाखवणारं कोणी नाही अशा एकट्या राहणाऱ्या वृद्धांनाही ते आपापलं सापडेल.

भाषा परत आल्यावर दोन गोष्टी बघून घ्याव्यात. होमच्या पानावरची काही शीर्षकं थोडा वेळ जुन्या भाषेतच राहू शकतात, तेव्हा टीव्ही एकदा रीस्टार्ट करावा, आता त्याचा उपयोग होतो. आणि यूट्यूबमध्ये शोधायला गेल्यावर कीबोर्ड अरबीच आला, तर System मधली पृथ्वीखालची ती Gboard ची ओळ उघडून तिथली भाषा वेगळी बदलावी लागते. आत्याकडे तसं झालं होतं, पण या वेळी मेनू तिला वाचता येत होता आणि तिने मला फोन न करताच ते दुरुस्त केलं.