छपराचा उतार आणि कौलांचा हिशेब

उतरत्या छपराचे क्षेत्रफळ घराच्या जमिनीवरच्या क्षेत्रफळापेक्षा नेहमी जास्त भरते, आणि याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे छप्पर भिंतीच्या बाहेर येते. दुसरे म्हणजे ते तिरके असते. पहिले कारण डोळ्यांना दिसते, तरी हिशेबात तेच जास्त वेळा सुटते.

कोकणातले एक साधे दुपाखी घर घेऊ. बाहेरच्या भिंतींचे माप 24 फूट गुणिले 36 फूट, म्हणजे 864 चौरस फूट. पावसाचा मारा भिंतीवर येऊ नये म्हणून लांब बाजूंना वळचण 3 फूट आणि दोन्ही टोकांना छप्पर 2 फूट बाहेर काढले आहे. वरून पाहिल्यास छपराची सावली 30 फूट गुणिले 40 फुटांची, म्हणजे 1200 चौरस फूट होते. उताराचा विषय अजून निघालेलाही नाही, तोवर क्षेत्रफळ 336 चौरस फुटांनी वाढले.

आता उतार. आढे मधोमध आहे, म्हणून वळचणीच्या कडेपासून आढ्याच्या खालपर्यंतचे आडवे अंतर 15 फूट. वळचणीच्या कडेपासून आढ्याची उंची 8 फूट धरली, तर पाख्याची तिरकी लांबी काटकोन त्रिकोणाच्या नियमाने निघते: 15 चा वर्ग 225, 8 चा वर्ग 64, बेरीज 289 आणि तिचे वर्गमूळ 17. एक पाखे 17 गुणिले 40, म्हणजे 680 चौरस फूट आणि दोन्ही मिळून 1360. 17 ला 15 ने भागले की 1.133 हा गुणक मिळतो. त्याच उताराच्या कोणत्याही छपराचे सपाट क्षेत्रफळ या गुणकाने गुणले की तिरके क्षेत्रफळ येते. हा उतार सुमारे 28 अंशांचा आहे. 45 अंशांवर गुणक 1.414 होतो, तर 10 अंशांवर फक्त 1.015 असतो. त्यामुळे मंद उताराच्या पत्र्याच्या शेडमध्ये उतार विसरला तरी फारसे बिघडत नाही, कौलारू घरात मात्र बिघडते.

उंची कुठून मोजली, याला फार महत्त्व आहे. वळचण भिंतीच्या खाली उतरत जाते, म्हणून याच घरात भिंतीच्या माथ्यापासून आढ्याची उंची 8 नव्हे, तर सुमारे 6.4 फूट असते. ही 6.4 फूट उंची आणि वळचणीपर्यंतचे 15 फूट अशी जोडी लावली, तर पाख्याची लांबी 16.3 फूट येते आणि कापून आणलेला पत्रा आठ इंच अपुरा पडतो. उंची भिंतीपासून घेतली तर आडवे अंतरही भिंतीपासूनच, म्हणजे 12 फूट घ्यायला हवे. उभ्या घरात हे तपासण्याची सोपी रीत अशी: वाशाला एक फुटाची आडवी लेव्हल एका टोकाने टेकवायची आणि दुसऱ्या टोकाशी वाशापर्यंतचे उभे अंतर मोजायचे. या घरात ते सुमारे 6.4 इंच भरले पाहिजे.

क्षेत्रफळ हाती आले की बहुतेक लोक त्याला शंभर चौरस फुटांमागच्या कौलांच्या संख्येने गुणतात. अंदाजपत्रकाला हे पुरते, खरेदीला नाही. कौल अर्धे बसत नाही. ते ओळीने बसते. सुमारे 16 इंच लांब आणि सव्वानऊ इंच रुंद मंगळुरी कौल घेतले, तर वरच्या कौलाखाली आणि शेजारच्या खाचेत गेलेला भाग सोडून ते साधारण साडेबारा इंच लांबी आणि सव्वाआठ इंच रुंदी झाकते. कारखान्यागणिक ही मापे थोडी बदलतात. म्हणून दहा कौले जमिनीवर एकमेकांत बसवून, पहिल्याच्या डाव्या कडेपासून दहाव्याच्या डाव्या कडेपर्यंतचे अंतर 9 ने भागावे. खरी झाकणारी रुंदी अशी मिळते, लांबीचेही तसेच. रिपांमधले अंतरही याच मापावर ठरते.

आपल्या पाख्याची लांबी 17 फूट, म्हणजे 204 इंच. सर्वांत वरच्या ओळीचे कौल पूर्ण 16 इंच धरायचे, खालच्या प्रत्येक ओळीचे साडेबारा. 16 ओळींत 203.5 इंच होतात. उरलेला अर्धा इंच आढ्यावरच्या कौलाखाली झाकला जातो. आडव्या बाजूला 480 इंचांत 58 कौले बसतात, तिथेही अर्धाच इंच उरतो. म्हणजे एका पाख्याला 16 गुणिले 58, 928 आणि दोन्हींना 1856 कौले. फुटतूट आणि पुढची दुरुस्ती धरून पाच टक्के वाढवली की 1950 ची मागणी नोंदवावी. सपाट 1200 चौरस फुटांवर हिशेब केला असता, तर सुमारे 1680 च कौले आली असती आणि ऐन पावसाच्या तोंडावर पाखे उघडे राहिले असते.

ओळींच्या या हिशेबामुळे उतार थोडा बदलला तरी कौलांची संख्या पायरीपायरीने उडी घेते. आढे 8 ऐवजी 9 फुटांवर नेले, तर पाखे 17.5 फुटांचे होते. क्षेत्रफळ जेमतेम तीन टक्के वाढते, पण 16 ओळी पुरत नाहीत. सतरावी लागते आणि दोन्ही पाख्यांत मिळून 116 कौले वाढतात, म्हणजे सहा टक्क्यांहून जास्त. उलट आढे 5 फुटांवर आणले तर 15 ओळी पुरतात. पण तो उतार 18 अंशांच्या आसपास येतो, आणि कोकणातल्या वाऱ्यासकटच्या पावसात पाणी कौलाच्या सांध्यातून वर चढून आत गळते. ही बचत करू नये. बांधणीपूर्वी आढ्याची उंची दोन-तीन इंच वरखाली करून ओळ पूर्ण बसवता येते, हे मात्र जरूर करावे.

पत्र्याचे गणित वेगळे आहे. उतार बदलला की कौलांची संख्या बदलते, पत्र्यांची मात्र फक्त लांबी बदलते. 1.07 मीटर रुंदीचा, एक मीटर झाकणारा रंगीत पत्रा घेतला, तर 40 फुटांच्या, म्हणजे 12.19 मीटरच्या लांबीला 12 पत्रे 12.07 मीटर झाकतात. पाच इंचांसाठी तेरावा पत्रा घ्यावा लागतो. त्यापेक्षा दोन्ही टोकांचे बाहेर काढलेले छप्पर अडीच-अडीच इंच कमी केले, तर दोन्ही पाख्यांत मिळून दोन पत्रे वाचतात. प्रत्येक पत्रा 17 फूट लांब कापून मिळाला तर आडवा सांधा येत नाही. तसा न मिळाल्यास 10 आणि 8 फुटांचे पत्रे जोडता येतात. एक फूट एकमेकांवर चढते आणि लांबी 17 भरते.

घर चौपाखी असेल आणि चारही पाख्यांचा उतार सारखा असेल, तर क्षेत्रफळ तेच, 1360 चौरस फूट राहते. बदलते ते आढ्यावरच्या कौलांचे माप. दुपाखी घराला 40 फूट आढे लागते. चौपाखीत आढे 10 फूटच उरते, पण कोपऱ्यांवरून उतरणाऱ्या चार कडा प्रत्येकी 22.7 फुटांच्या असतात. एकूण सुमारे 101 फुटांना वरची कौले लागतात, आणि प्रत्येक तिरक्या कडेशी कौले कापावी लागत असल्याने वाढीव पाच टक्के तिथे पुरत नाहीत.