पूजेची शेवटची ओळ

गणेशचतुर्थीच्या पूजेच्या अखेरीला गुरुजी सांगतात, ‘उजव्या हातावरून पळीभर पाणी ताम्हनात सोडा.’ पाणी सोडताना म्हणायची ओळ अशी: ‘अनेन कृतपूजनेन श्रीमहागणपतिः प्रीयताम्।’ घरगुती पुस्तिकांत तिचा अर्थ बहुधा ‘हे गणपती, तू प्रसन्न हो’ असा उरकलेला असतो. भाव बरोबर आहे, पण ओळ तसे म्हणत नाही.

‘अनेन’ म्हणजे ‘या’, आणि तो ‘पूजनेन’ला लागून आहे. दोन्ही तृतीयेत आहेत. मराठीत तिथे ‘ने’ येतो. ‘कृत’ म्हणजे केलेले. कृतपूजन हा समास आहे, म्हणून तो जोडूनच छापायचा. ‘श्रीमहागणपतिः’ हा कर्ता आणि ‘प्रीयताम्’ म्हणजे ‘संतुष्ट होवो’. सगळे मिळून: या केलेल्या पूजनाने श्रीमहागणपती संतुष्ट होवोत. इथे देवाला हाक मारलेलीच नाही. तशी मारायची असती तर ‘गणपते’ आणि ‘प्रीयस्व’ असे शब्द आले असते. पाणी सोडणारा देवाशी बोलत नाही. हातून झालेले कर्म तो देवाच्या नावे सोडून देतो. पुस्तिकेतल्या अर्थात हा फरक राहायला हवा.

छपाईच्या चुका या ओळीत ठरावीक जागी होतात. मराठीच्या सवयीने ‘गणपती’ दीर्घ लिहिला आणि विसर्ग गाळला, की संस्कृतात त्याचा अर्थ ‘दोन गणपती’ होतो, आणि क्रियापद मात्र एकवचनीच राहते! ‘प्रीयताम्’मधली ‘प्री’ ऱ्हस्व झाली तर क्रियापदच नाहीसे होते. उरते ‘प्रियता’ या नामाची द्वितीया.

खरी गंमत देव बदलल्यावर होते. सत्यनारायणाला ‘श्रीसत्यनारायणः प्रीयताम्’ सरळ बसते. लक्ष्मीपूजनाला मात्र ‘श्रीमहालक्ष्मीः’ असा विसर्ग हवा, आणि सरस्वतीला तो नको. दोन्ही शब्द दीर्घ ईकारान्त स्त्रीलिंगी, तरी लक्ष्मी हा शब्द प्रथमेत विसर्ग सोडत नाही. नुसते नाव बदलून पाने छापणारा इथे हमखास अडकतो.

हरितालिकेच्या पूजेत शिवपार्वती दोघांचे नाव एकत्र घेतले तर क्रियापदही बदलते: ‘श्रीउमामहेश्वरौ प्रीयेताम्।’ ‘औ’ आणि ‘येताम्’ ही द्विवचनाची खूण. दोनाहून अधिक देवता असतील तर ‘प्रीयन्ताम्’. मराठीत द्विवचन नसल्याने अर्थाच्या रकान्यात दोन्हींपुढे ‘संतुष्ट होवोत’ एवढेच येते. म्हणून मसुदा तपासताना मराठी अर्थावर विसंबून चालत नाही. संस्कृतातले नाव आणि क्रियापद शेजारी ठेवून वचन जुळते का ते पाहावे लागते.