एकच औषध, चार किमती

नगरच्या सावेडी भागातल्या एका मेडिकलच्या काउंटरमागे काही संध्याकाळी बसायला मिळालं. दुकानदार ओळखीचे, त्यामुळे गिऱ्हाइकांना मी त्यांचा पाहुणा वाटत होतो. ताठरतेची गोळी मागायला येणारा माणूस लगेच कळतो. आधी तो क्रोसिन नाहीतर खोकल्याचं बाटलीभर औषध मागतो, दुकान रिकामं व्हायची वाट बघतो आणि मग आवाज खाली आणून म्हणतो, "भाऊ, ती पन्नासची द्या ना." कोणती, असं दुकानदारांनी विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच असतं, "चांगली द्या." आणि चांगली म्हणजे महाग, हे दोघांनीही धरून चाललेलं असतं.

ड्रॉवरमध्ये सिल्डेनाफिल ५० मिलिग्रॅमच्या चार कंपन्यांच्या पट्ट्या होत्या. औषध तेच, मात्रा तीच, पण छापील किमतीत दुपटी-तिपटीचा फरक. दुकानदारांनी मला खरेदीची बिलं दाखवली तेव्हा चित्र आणखी गमतीदार झालं. जाहिरात आणि एमआर यांच्या जोरावर चालणाऱ्या नावाजलेल्या पट्टीवर त्यांना ठरलेलं साधारण वीस टक्के मार्जिन मिळतं. दुसरी पट्टी एमआरशिवाय, थेट होलसेलरकडून येणारी. व्यापारात तिला 'जेनेरिक' म्हणतात. तिच्यावर समजा शंभर रुपये छापलेले असले, तरी दुकानदाराला ती पंधरा-वीस रुपयांत पडलेली असते. म्हणजे जेनेरिकची स्वस्ताई गिऱ्हाइकापर्यंत पोचेलच असं नाही, ती वाटेत काउंटरवरच थांबू शकते. जनऔषधी केंद्रात मात्र छापील किंमतच कमी असते, कारण तिथे मधले हात कमी आहेत.

तसं बघितलं तर आपल्याकडच्या नावाजलेल्या पट्ट्याही जेनेरिकच आहेत. मूळ गोळी फायझरची व्हायग्रा, अमेरिकेत तिला मार्च १९९८मध्ये परवानगी मिळाली. भारतात २००५पर्यंत औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळत होतं. त्यामुळे २००१च्या सुमारास इथल्या कंपन्यांनी आपापल्या नावांनी सिल्डेनाफिल बाजारात आणलं. फायझर स्वतः व्हायग्रा घेऊन २००५च्या अखेरीला आली, ५० मिलिग्रॅमच्या एका गोळीला साडेचारशे रुपयांच्या वर किंमत लावून. तोवर इथली गोळी काही रुपयांत मिळत होती. गोदावरी ओलांडली की शेवगावच्या समोर पैठण. तिथल्या एमआयडीसीत अजंता फार्माचा कारखाना आहे, आणि सिल्डेनाफिलचं कामाग्रा हे नाव याच कंपनीचं. कामाग्राला ब्रिटनमध्ये विक्रीचा परवाना नाही. पण २०१३मध्ये पेटंट संपल्यापासून इतर कंपन्यांचं जेनेरिक सिल्डेनाफिल तिथे राजरोस विकलं जातं. अडचण रेणूची नाही, त्या त्या देशात कोणाच्या मालाची तपासणी झाली आहे याची आहे.

ही तपासणी म्हणजेच जैवसमतुल्यता, बायोइक्विव्हॅलन्स. या विषयावर सर्वांत जास्त गैरसमज ऐकू येतो तो '८० ते १२५ टक्के' या आकड्यांचा. "जेनेरिकमध्ये औषध वीस टक्के कमी चालतं," असं एक डॉक्टरही मला ठामपणे म्हणाले. तसं नाही. गोळीतल्या औषधाचं वजन हा वेगळाच मुद्दा आहे. औषधसंहितेनुसार ते छापलेल्या मात्रेच्या अगदी जवळ असावंच लागतं. जैवसमतुल्यतेत मोजतात ते रक्त.

चाचणी अशी होते. साधारण दोन-तीन डझन निरोगी स्वयंसेवक रात्रभर उपाशी राहतात. सकाळी निम्म्यांना मूळ गोळी आणि निम्म्यांना जेनेरिक देतात. मग ठरावीक वेळांनी दिवसभर रक्त काढत राहतात. काही दिवस जाऊ देऊन गोळ्यांची अदलाबदल करतात, म्हणजे प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. त्यातून दोन गोष्टी काढतात: रक्तातली सर्वोच्च पातळी किती गेली, आणि एकूण किती औषध रक्तात पोचलं.

सिल्डेनाफिल १०० मिलिग्रॅम उपाशीपोटी घेतलं तर सर्वोच्च पातळी सरासरी ४४० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास जाते. समजा एका जेनेरिकची सरासरी ४०५ आली, म्हणजे मूळच्या ९२ टक्के. एवढ्यावर निकाल लागत नाही. माणसामाणसांतला फरक धरून खरं गुणोत्तर कोणत्या पट्ट्यात असेल याचा नव्वद टक्के खात्रीचा अंदाज काढतात. तो समजा ८५ ते १०० आला. हा अख्खा पट्टा ८० ते १२५च्या आत बसला, गोळी पास. दुसऱ्या एका गोळीची सरासरी ८५ टक्के आणि पट्टा ७७ ते ९४. सरासरी ८०च्या वर आहे, तरी पट्ट्याचं एक टोक बाहेर गेलं, गोळी नापास. म्हणजे खरोखर वीस टक्के कमी पडणारी गोळी ही परीक्षा सहसा पार करूच शकत नाही. अमेरिकेच्या एफडीएने १९९६ ते २००७मधल्या २,०७० अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा मूळ औषध आणि जेनेरिक यांच्या सर्वोच्च पातळीतला सरासरी फरक साडेचार टक्क्यांच्याही आत निघाला. एकाच माणसाच्या दोन दिवसांच्या जेवणात यापेक्षा जास्त फरक असतो, आणि या गोळीच्या बाबतीत जेवण मोठी गोष्ट आहे. तेलकट, जड जेवणावर घेतलेल्या सिल्डेनाफिलची सर्वोच्च पातळी सुमारे २९ टक्क्यांनी घटते आणि ती गाठायला तासभर जास्त लागतो. "स्वस्तातली चालली नाही" म्हणून परत येणाऱ्यांना आमचे दुकानदार पहिला प्रश्न तोच विचारतात: "दादा, मटणावर घेतली होती का?"

आपल्याकडची खरी फट मात्र दुसरीकडे आहे. नवं औषध म्हणून मंजूर झाल्यावर चार वर्षं उलटली की पूर्वी कोणतीही कंपनी रक्ताची चाचणी न करता राज्याकडून परवाना घेऊ शकत होती. एप्रिल २०१७मध्ये केंद्राने नियम बदलून पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांसाठी ही चाचणी सक्तीची केली. याच कामासाठीचं टॅडालाफिल हे तशा औषधांचं चांगलं उदाहरण. त्याची पूड बारीक झाली नाही, तर गोळीत औषध पुरेपूर असूनही ते रक्तात पोचायला उशीर होतो. पण सक्तीच्या आधी परवाना मिळालेला बराच माल आजही बाजारात आहे. शिवाय रक्ताची चाचणी एकदाच होते, गोळ्या मात्र वर्षानुवर्षं बनत राहतात. प्रत्येक बॅचसाठी उरते ती विरघळण्याची साधी परीक्षा: ३७ अंशांवर ठेवलेल्या द्रावणाच्या भांड्यात गोळी सोडायची, ढवळायचं, आणि ठरलेल्या मिनिटांत किती औषध बाहेर आलं ते मोजायचं. फार्मसीच्या विद्यार्थ्यांकडून हे प्रयोग नेहमी करून घेतात. या परीक्षेत स्वस्त पट्टी महाग पट्टीच्या मागेच पडेल असा नियम नाही.

माझं मत असं, की किमतीवरून काहीच ठरत नाही, कोणाचा माल आहे यावरून थोडंफार ठरतं, आणि बिलावरून बरंच. बॅच क्रमांकासह बिल द्यायला तयार असलेल्या दुकानातली स्वस्त पट्टी घ्यायला हरकत नाही. भीती आहे ती बसस्टँडजवळ मिळणाऱ्या 'आयुर्वेदिक' शक्तिवर्धक कॅप्सूलची. अशा मालात लपवून घातलेलं सिल्डेनाफिल देशोदेशींच्या तपासण्यांत वारंवार सापडलेलं आहे, आणि किती घातलंय हे कोणालाच ठाऊक नसतं.

हे औषध शेड्यूल एचमधलं आहे, चिठ्ठीशिवाय मागू नका. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवत असाल, किंवा नायट्रेट गटातली दुसरी कोणतीही गोळी चालू असेल, तर ही गोळी पाच रुपयांची असो की पाचशेची, घेऊच नका. रक्तदाब जिवावर बेतेल इतका खाली जातो. गोळी घेतल्यानंतर छातीत दुखायला लागलं, तर दवाखान्यात गेल्यावर लाज बाजूला ठेवून आधी तेच सांगा. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि टॅडालाफिल घेतल्यावर ४८ तास डॉक्टर नायट्रेट देत नाहीत.