कंपनी खरी, पत्र खोटं

सकाळी 8:45

तळेगाव स्टेशनवर उतरून कॉलेजात पोचेपर्यंत मोबाइलवर एक पीडीएफ येऊन पडलेली असते. आमच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा, नाणे मावळातला. "मॅडम, ऑफर लेटर आलंय. उद्या अकराला लोणावळ्याच्या ऑफिसात बोलावलंय. गणवेश आणि गेटपासचे 3,500 रुपये आज संध्याकाळपर्यंत भरायचेत, सहा महिन्यांनी परत मिळणार आहेत. भरू का?"

कॉलेजातलं प्लेसमेंटचं काम मी बघते. मोठ्या कारखान्यांच्या भरतीपेक्षा माझा दिवस अशाच पत्रांत जातो. तळेगाव-चाकण पट्ट्यात भरतीची चर्चा कधी थांबत नाही. जनरल मोटर्सने 2020 च्या अखेरीस तळेगावचा कारखाना बंद केला, 2023 मध्ये ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला, आणि तेव्हापासून घरोघरी एकच विषय झाला: कुठे माणसं घेतायत. अशा वातावरणात अनोळखी कंपनीचं पत्रही लगेच खरं वाटतं.

त्याला कळवलं: "पैसे भरू नकोस. पत्र ज्या मेलवरून आलं तो मेल जसाच्या तसा पाठव. संध्याकाळी वडिलांना घेऊन ये."

9:30

आधी पत्र नीट वाचायचं. कंपनी कायदा 2013 च्या कलम 12 प्रमाणे कंपनीच्या पत्रावर नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, फोन, ईमेल आणि CIN म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक छापलेला असावा लागतो. या पत्रावर लोगो ठसठशीत आहे, गोल शिक्का आहे, 'शासनमान्य' असंही लिहिलंय. CIN मात्र कुठेच नाही. पत्त्यात गाव लोणावळा आणि पिनकोड 410405. लोणावळ्याचा पिन 410401; 405 कामशेतचा. टायपिंगची चूक असू शकते, पण आपल्या स्वतःच्या ऑफिसचा पिन सहसा कोणी चुकवत नाही. कागदावर टाचण करून ठेवलं.

10:15

आता कंपनी खात्याचं दप्तर. mca.gov.in वर कंपनीचा 'मास्टर डेटा' फुकट बघता येतो. CIN नसला तरी नावाने शोधता येतं, फक्त नावाचं स्पेलिंग पत्रातलंच अक्षर न् अक्षर घालावं लागतं.

CIN वाचायला मी मुलांना फळ्यावर शिकवते, आणि उदाहरण घेते लोकलने जाता-येता सगळ्यांना माहीत असलेल्या आकुर्डीच्या बजाज ऑटोचं:

```
L65993PN2007PLC130076
```

एकूण 21 अक्षरं-आकडे. L म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली; नसेल तर U. पुढचे पाच आकडे धंद्याचे. PN म्हणजे पुणे. महाराष्ट्रातल्या इतर कंपन्यांना MH दिसतं. मग नोंदणीचं वर्ष. PLC म्हणजे पब्लिक लिमिटेड, प्रायव्हेट असेल तर PTC. शेवटचे सहा आकडे नोंदणी क्रमांक.

इथे एखादं चौकस पोर हटकून विचारतं, "मॅडम, बजाज तर आजोबांच्या काळापासून आहे, मग 2007 कसं?" प्रश्न अगदी बरोबर. मूळ कंपनी 1945 ची. पुढे गाड्यांचा धंदा वेगळा काढला, तो 2007 मध्ये नोंदलेल्या नव्या कंपनीकडे गेला आणि बजाज ऑटो हे नावही तिने घेतलं. जुनी कंपनी बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट या नावाने राहिली. धंद्याचा संकेतांकही गाड्यांचा नाही. 65 ने सुरू होणारे आकडे तेव्हाच्या वर्गवारीत वित्तव्यवहाराचे होते. एवढी नावाजलेली कंपनी, आणि तिच्या क्रमांकातही दोन गोष्टी वरवर जुळत नाहीत. म्हणून दप्तरात विसंगती दिसली की तिचं कारण शोधायचं, लगेच निकाल द्यायचा नाही.

11:00

आमच्या पत्रातल्या नावाची कंपनी सापडली. प्रायव्हेट लिमिटेड, 2009 ची नोंदणी, स्थिती Active. Strike Off असतं तर काम तिथेच संपलं असतं, कारण ते नाव निबंधकाने पटावरून काढलेलं असतं. स्थितीखाली शेवटच्या वार्षिक सभेची आणि ताळेबंदाची तारीख असते. ती चार-पाच वर्षं जुनी असेल तर कंपनी कागदावर जिवंत आणि प्रत्यक्षात झोपलेली असण्याची शक्यता असते. इथे तारखा अलीकडच्या आहेत.

बहुतेक लोक इथेच थांबतात. "सरकारी साइटवर आहे, म्हणजे खरी आहे." कंपनी खरी आहे, हे मलाही मान्य. पण दप्तर एवढंच सांगतं की या नावाची कंपनी अस्तित्वात आहे. पत्र पाठवणारा माणूस त्या कंपनीचा आहे, हे ते सांगत नाही. फसवणारे हल्ली नाव बनवत बसत नाहीत, चालत्या कंपनीचं नाव उचलतात. त्यामुळे पुढचं सगळं काम पत्र आणि कंपनी यांच्यातला दुवा शोधण्याचं.

पहिला दुवा पत्त्याचा. दप्तरात नोंदणीकृत कार्यालय भोसरीचं आहे. पत्रात लोणावळा 'मुख्य कार्यालय' म्हटलंय आणि भोसरीचा उल्लेखही नाही.

12:15

मुलाने मेल पाठवला. @ च्या पुढे कंपनीचं नाव, मग जोडरेघ आणि careers. त्याच पत्त्यावर वेबसाइटही आहे: फोटो, 'आमची 15 वर्षांची परंपरा', खाली 2009 साल.

साइटवर छापलेलं साल कोणीही छापू शकतो. साइटचं नाव कधी घेतलं हे मात्र नोंदीत असतं. .com आणि .org साठी lookup.icann.org, आणि .in साठी registry.in. नाव टाकायचं आणि एकच ओळ शोधायची: Creation Date. मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असतं, त्यावरून शंका घेऊ नये. या साइटची तारीख निघाली 23 दिवसांपूर्वीची.

मग कंपनीची दुसरी साइट आहे का ते बघितलं. आहे, साधी, जुन्या धाटणीची, यंत्रांच्या सुट्या भागांची यादी असलेली. तिची तारीख 2010 ची, म्हणजे कंपनीच्या नोंदणीला जुळणारी. web.archive.org वर तिची जुनी पानंही जपलेली आहेत आणि सगळीकडे भोसरीचाच पत्ता आहे.

या तपासालाही मर्यादा आहेत. नवी साइट असणं गुन्हा नव्हे. गेल्या वर्षी सुरू झालेल्या कंपनीची साइट नवीच असणार. उलट जुनं नाव कोणी विकत घेतलं तर जुनी तारीख तशीच राहते, आणि म्हणूनच जपलेली पानं बघायची: तिथे आधी भलताच धंदा दिसला तर खुलासा मागायचा. खटकतो तो दावा आणि तारीख यांतला फरक. 15 वर्षांची परंपरा आणि 23 दिवसांची साइट, शिवाय त्याच कंपनीची जुनी साइट चालू असताना.

दुपारी 2:00

डबा खाल्ला आणि दुपारच्या लोकलचा भरवसा नाही म्हणून गाडी काढून जुन्या हायवेने लोणावळ्याला. पत्ता डोळ्यांनी बघायचाच असतो. नकाशावरची खूण कोणीही टाकू शकतं.

पत्ता तुंगार्लीकडचा. गल्लीत वीकेंडला भाड्याने जाणारे बंगले. सांगितलेल्या क्रमांकाच्या फाटकावर बंगल्याचं नाव आणि बुकिंगचा मोबाइल नंबर. बाकी पाटी नाही. त्याच कलम 12 प्रमाणे कंपनीने जिथे धंदा चालतो त्या प्रत्येक जागेबाहेर नाव आणि नोंदणीकृत पत्ता लावायचा असतो, आणि तो त्या भागातल्या भाषेतही हवा.

राखणदाराला विचारलं, "काका, इथे कंपनीचं ऑफिस आहे का?"

"हाफिस? नाय बाई. उद्या दिवसभरासाठी कुणी घेतलाय बंगला. मीटिंग हाय म्हनले."

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही विचारलं. या नावाचं कुरिअर कधी आलेलं त्यांच्या ऐकिवात नाही. ऑफिस नुसतं नावाला असलं तरी तिथे टपाल येतं, म्हणून हा प्रश्न मी कधी सोडत नाही.

पत्ता खोटा ठरवतानाही घाई नको. लहान कंपन्यांचं नोंदणीकृत कार्यालय मालकाच्या घरी किंवा सीएच्या ऑफिसात असतं, ते कायदेशीर आहे. तिथे कारखाना दिसला नाही म्हणून कंपनी बोगस ठरत नाही. मुलाला काम करायचं ती जागा कुठली, हे विचारायचं आणि ती बघायची.

3:45

लोणावळ्यात आलेच आहे तर दुसरं काम. एका मुलीला इथल्या हॉटेलात रिसेप्शनवर बोलावलंय. त्यांची वेबसाइट नाही, कंपनी खात्याच्या दप्तरात नाव नाही. घरचे घाबरलेत.

इथे कंपनीचा तपास लागू पडत नाही. एकट्या मालकाचा धंदा किंवा भागीदारी या दप्तरात येतच नाही, आणि लोणावळ्यातली कितीतरी हॉटेलं, चिक्कीची दुकानं तशीच चालतात. काउंटरवर जीएसटीचं प्रमाणपत्र लावलेलं आहे. त्यावरचा 15 अक्षरी नंबर gst.gov.in वर टाकला. सुरुवातीचे 27 महाराष्ट्राचे. मालकाचं नाव, पत्ता आणि नोंदणीची तारीख जुळली. खाद्यपरवान्याचा 14 आकडी क्रमांकही भिंतीवर आहे. मालक समोर बसलेत, पगार लिहून द्यायला तयार आहेत, एक पैसाही मागत नाहीत. मुलीला कळवलं, "सोमवारी जा, आईला सोबत घे."

5:00

शेवटचा दुवा फोनचा. पत्रातल्या नंबरवर फोन करण्यात अर्थ नाही. तिथे 'हो' हेच उत्तर मिळणार. नंबर घेतला कंपनीच्या 2010 च्या साइटवरून. भोसरीहून एका बाईंनी उचलला. लोणावळ्यात त्यांचं ऑफिस नाही, भरती चालू नाही, आणि असेच फोन त्यांना याआधीही आले आहेत. पत्राची प्रत त्यांनी मागून घेतली.

6:15

मुलगा आणि त्याचे वडील आले. समोर कागद ठेवला. दप्तरात भोसरी, पत्रात लोणावळा. साइट 23 दिवसांची, दावा 15 वर्षांचा. ऑफिस म्हणजे एक दिवसाचा भाड्याचा बंगला. कंपनी स्वतः नाही म्हणते.

वडील म्हणाले, "मॅडम, पण कंपनी तर खरी निघाली ना?"

"हो दादा, कंपनी खरी. पत्र तिचं नाही."

पैसे गेलेले नाहीत, म्हणून cybercrime.gov.in वर पत्र, मेल आणि पैसे मागणारा नंबर जोडून तक्रार नोंदवली. पैसे गेले असते तर आधी 1930 ला फोन केला असता, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवण्याची संधी तेवढीच असते. बंगल्यात उद्या अकराला आणखी मुलं येणार, म्हणून लोणावळा शहर पोलिसांनाही कळवलं.

घरी निघण्यापूर्वी सूचना फलकावर चार ओळी लावल्या. पालकांनी आणि मुलांनी त्या ध्यानात ठेवाव्यात:

पत्रावरचा पत्ता दप्तरातल्या पत्त्याशी जुळवा. साइटची तारीख कंपनीच्या वयाशी जुळवा. फोन पत्रातल्या नंबरवर नको, जुन्या साइटवरच्या नंबरवर करा. आणि नोकरी देण्याआधी जो पैसे मागतो, त्याचं बाकी सगळं जुळलं तरी पैसे देऊ नका.