'करण्यात आले'ला कात्री

जाडजूड अहवाल छोटा करायचा, तर आधी त्यातली क्रियापदे तपासावीत. हे वाक्य पाहा: 'सदर गावामध्ये पाणीपुरवठ्याच्या अनुषंगाने ग्रामपंचायतीमार्फत विहिरीची पाहणी करण्यात आली असून दुरुस्तीचे काम हाती घेण्यात आलेले आहे.' शब्द 16.

'सदर' आणि 'अनुषंगाने' काढले तरी अर्थाला धक्का लागत नाही. 'पाहणी करण्यात आली' या तीन शब्दांचे काम 'पाहिली' एकटे करते. मग उरते: 'ग्रामपंचायतीने गावची विहीर पाहिली आणि दुरुस्ती सुरू केली.' शब्द 8.

पण दुरुस्ती खरोखर ग्रामपंचायतीनेच सुरू केली का? मूळ वाक्य ते सांगत नाही. कर्मणी रचनेआड कर्ता असा लपतो. म्हणून वाक्य बदलण्याआधी अहवाल लिहिणाऱ्याला विचारावे. अंदाजाने कर्ता बसवला, तर अहवाल छोटा होतो, पण खोटाही ठरू शकतो.

अशा जागा शोधायला संगणकावर 'ण्यात' एवढेच शोधावे. 'करण्यात', 'घेण्यात', 'देण्यात' सगळे सापडतात. 'पाण्यात'ही सापडते, त्यामुळे प्रत्येक जागा डोळ्यांखालून घालावी. कर्ता अज्ञात असेल, तिथे मात्र कर्मणी रचना तशीच ठेवावी. 'पंप चोरला गेला' या वाक्यात चोराचे नाव कुठून आणणार?