पारपत्रावरील शिक्के काय सांगतात?

व्यापारानिमित्त युरोपला जाणाऱ्यांच्या पारपत्रात चौकोनी शिक्के जमत जातात. बहुधा ते कोणी वाचत नाही. पुढच्या व्हिसाच्या अर्जात जुन्या प्रवासाचा तपशील द्यावा लागतो, तेव्हा मात्र घरात शोधाशोध सुरू होते.

शेंगेन देशांचे शिक्के एकाच साच्याचे असतात. चारही कोपरे टोकदार असतील तर तो प्रवेशाचा शिक्का; कोपरे गोलाकार असतील तर निर्गमनाचा. वर डाव्या बाजूला देशाचे रोमन अक्षर, उजवीकडे विमान, आगगाडी, मोटार किंवा जहाज यांपैकी एक चित्र, मध्यभागी दिनांक आणि खाली सीमा-चौकीचे नाव असते. ही अक्षरे मोटारींच्या मागे लावतात तीच. म्हणून 'डी' म्हणजे डेन्मार्क नव्हे, डॉइचलंड अर्थात जर्मनी. 'ई' म्हणजे एस्पान्या, आपले स्पेन. आणि 'सीएच' पाहून चीन समजू नये, ते स्वित्झर्लंड होय.

समजा, बदलापूरचे एक हिऱ्यांचे व्यापारी बेल्जियमचा व्हिसा घेऊन अँटवर्पला गेले. मुंबईहून विमानाने ॲमस्टरडॅमला उतरले, पुढे आगगाडीने अँटवर्प गाठले आणि परतताना फ्रँकफुर्टहून विमान पकडले. पारपत्रात पहिला शिक्का टोकदार कोपऱ्यांचा, 'एनएल', विमान, स्किफोल, ३ मार्च २०२४. दुसरा गोलाकार कोपऱ्यांचा, 'डी', विमान, फ्रँकफुर्ट, १४ मार्च. बेल्जियमचा शिक्का कोठेच नाही! कारण शिक्का गेलेल्या देशाचा नसतो, ज्या चौकीवर शेंगेनची बाहेरची सीमा ओलांडली त्या चौकीचा असतो. मुख्य मुक्काम बेल्जियममध्येच होता हे दाखवायला हॉटेलची बिले आणि आगगाडीचे तिकीट जपून ठेवावे लागते. मुक्काम मोजताना आगमनाचा आणि निर्गमनाचा, दोन्ही दिवस धरतात. म्हणजे येथे १२ दिवस. कोणत्याही १८० दिवसांत अशा ९० दिवसांची मर्यादा असते.

लंडनहून युरोस्टार गाडीने पॅरिसला जाणाऱ्यास तर आणखी नवल दिसते. फ्रेंच अधिकारी लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकातच 'एफ' अक्षराचा, आगगाडीच्या चित्राचा शिक्का मारतात आणि चौकीचे नाव लंडनचेच, फ्रेंच वळणाने लिहिलेले असते. तो ब्रिटनचा शिक्का समजून अर्ज भरला, तर तारखा जुळत नाहीत. ब्रिटन तर बाहेर पडताना शिक्का मारतच नाही.

शिक्का पुसट असेल तर प्रथम कोपरे पाहावेत, मग अक्षर. चौकीचे नाव शेवटी. प्रवेशाचा शिक्का मुळीच नसेल, तर मुदतीपेक्षा अधिक राहिल्याचा संशय अधिकारी घेऊ शकतात आणि तो विमानाच्या तिकिटासारख्या पुराव्यानेच दूर करावा लागतो.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर टप्प्याटप्प्याने संगणकीय नोंद सुरू झाली. तीत बोटांचे ठसे व छायाचित्र घेतात आणि तीच आता शिक्क्याची जागा घेत आहे. जुन्या प्रवासांचा दाखला मात्र जुन्या पारपत्रांतच आहे. नवे पारपत्र हाती आल्यावर रद्द झालेले टाकून देऊ नये.