नॉझलमधला शॉक कुठे बसतो?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झुरिकचे प्राध्यापक ऑरेल स्टोडोला यांनी वाफेच्या नॉझलमध्ये, बरोबर मधोमध, एक बारीक नळी घातली. नळीच्या अंगाला छोटं भोक होतं. नळी पुढे-मागे सरकवत ते जागोजागचा दाब मोजत गेले. नॉझल घशापाशी अरुंद आणि पुढे पसरत जाणारं. घशाच्या पुढे दाब उतरत जायचा आणि मग एका ठिकाणी एकदम उसळायचा. बाहेरचा दाब बदलला की उसळीची जागाही सरकायची.

असं का होतं, ते हवेच्या एका उदाहरणाने पाहू. टाकीत १० बार दाब आहे आणि नॉझलचं तोंड घशाच्या दुप्पट क्षेत्रफळाचं आहे. घशात हवा ध्वनीच्या वेगाला पोचली, की पुढे तिला दोनच सुरळीत वाटा असतात. एक मंदावत जाण्याची. त्या वाटेने तोंडाशी सुमारे ९.४ बार दाब येतो. दुसरी वेग वाढवत नेण्याची. त्या वाटेने फक्त ०.९४ बार. बाहेर मात्र ७ बार असेल तर? दोन्हींपैकी एकही वाट तिथे पोचत नाही.

मग हवा दुसरी वाट धरते आणि मध्येच सोडते. घशाच्या साधारण दीडपट क्षेत्रफळाच्या जागी तिचा वेग मॅक १.८६ झालेला असतो, दाब जेमतेम १.६ बार. तिथे प्रवाहाला आडवा, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ शॉक उभा राहतो. तो ओलांडताच दाब ६.१ बारवर जातो आणि वेग मॅक ०.६ वर येतो. उरलेल्या पसरट भागात हवा आणखी मंदावते आणि तोंडाशी बरोबर ७ बार होतात.

जागा हीच का, याचं उत्तर मला या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं. शॉकमध्ये ऊर्जा नष्ट होत नाही, पण हवेची दाब परत मिळवण्याची ऐपत घटते. शॉकनंतर हवा अगदी अलगद थांबवली, तरी १० ऐवजी ७.८ बारच मिळतील. शॉक जितका पुढे, तितका तिथला वेग जास्त आणि ही घट मोठी. समजा तो चुकून थोडा पुढे सरकला. घट वाढते, तोंडाशी ७ बार भरत नाहीत, आणि बाहेरचा दाब त्याला मागे रेटतो. मागे गेला तर याच्या उलट घडतं. म्हणून पसरट भागात तो टिकून राहतो.

बाहेरचा दाब ६ बारवर आणला, तर शॉक पावणेदोनपट क्षेत्रफळापाशी जातो, ५.१ बारला थेट तोंडावर. त्याहून खाली तो आत राहतच नाही. या सगळ्यात नॉझलमधून दर सेकंदाला जाणारी हवा मात्र तेवढीच राहते, कारण घशात ती ध्वनीच्या वेगाने जाते आहे आणि खालच्या दाबाची खबर शॉक ओलांडून वर पोचू शकत नाही.

हे गणित भिंतीचं घर्षण धरत नाही. प्रत्यक्षात भिंतीलगतची संथ हवा दाबाच्या उसळीसमोर टिकत नाही, भिंतीपासून सुटते. मग सरळ शॉकला भिंतीजवळ फाटे फुटतात आणि दाबाच्या आलेखात उभ्या कड्याऐवजी लांबट चढ दिसतो.